चार्टच्या मथळ्यात निष्कर्ष कसा लिहावा: एका दिवाळीच्या विक्रीवरून

एक्सेलमध्ये एकाच कॉलमचा चार्ट काढला की त्या कॉलमचं नाव आपोआप वर जाऊन बसतं. कॉलमचं नाव ‘विक्री’ असेल तर चार्टचं नावही ‘विक्री’. आपण फार तर त्याचं ‘महिनानिहाय विक्री, लाख रुपये’ करतो आणि पुढच्या स्लाइडकडे वळतो. पण महिने खाली लिहिलेलेच आहेत आणि लाख रुपये डाव्या बाजूला आहेत. मथळ्याने नवीन काही सांगितलं नाही. मग रिव्ह्यू मीटिंगमध्ये मालक सगळ्यात उंच खांबाकडे बघतो, अकाउंट्सवाला सगळ्यात बुटक्याकडे आणि प्रत्येक दुकानाचा मॅनेजर फक्त स्वतःच्या दुकानाकडे. दहा मिनिटं जातात ती ‘यात नेमकं बघायचं काय’ हे ठरवण्यात.

ते ठरवण्याचं काम चार्ट काढणाऱ्याचं आहे, आणि ते मथळ्यातच करून टाकायचं. कसं, ते एका उदाहरणावरून बघू. समजा, मिक्सर, कुकर, पंखे विकणारी तीन दुकानं आहेत. आकडे सोपे जावेत म्हणून मी मनाने घेतले आहेत, सणांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत. तिन्ही दुकानांची मिळून विक्री, लाख रुपयांत:

| | 2023 | 2024 |
|---|---|---|
| ऑक्टोबर | 40 | 58 |
| नोव्हेंबर | 62 | 48 |

पहिली पायरी: चार्ट बाजूला ठेवून एक वाक्य बोला

मालकाचा फोन आला आहे आणि तो गाडीत आहे, स्क्रीन दिसत नाही, असं समजा. तो विचारतो, ‘काय झालं ऑक्टोबरला?’ तेव्हा तुमच्या तोंडून जे वाक्य निघेल तो मथळ्याचा कच्चा खर्डा. फोनवर ‘महिनानिहाय विक्री’ असं कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘साहेब, ऑक्टोबरला गेल्या वर्षापेक्षा 45 टक्के जास्त झाली.’

या वाक्यात चार गोष्टी आल्या: कशाचं काय झालं, किती झालं, कधी झालं आणि कशाच्या तुलनेत झालं. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. ‘विक्री 45 टक्के वाढली’ एवढंच लिहिलं तर ती गेल्या महिन्यापेक्षा, गेल्या वर्षापेक्षा की टार्गेटपेक्षा, हे वाचणारा आपापल्या सोयीने ठरवतो. आणि वाक्याला क्रियापद हवंच. ‘विक्रीतील वाढ’ असं लिहिलं की वाढ किती हे सांगण्याची जबाबदारी हळूच टळते. ‘विक्री वाढली’ लिहिलं की किती, हा प्रश्न लगेच समोर उभा राहतो.

दुसरी पायरी: ते वाक्य खरं आहे का, ते तपासा

जुन्या पद्धतीच्या मथळ्याचा एक फायदा होता, तो कधी चुकायचा नाही. ‘महिनानिहाय विक्री’ हे कायमच खरं असतं. निष्कर्ष लिहायला घेतला की चूक करण्याची सोय होते, म्हणून माझा सगळ्यात जास्त वेळ याच पायरीवर जातो.

आपलं वाक्य घ्या: ‘ऑक्टोबर 2024 मध्ये विक्री गेल्या ऑक्टोबरपेक्षा 45 टक्क्यांनी वाढली.’ 40 वरून 58, गणित बरोबर आहे. आता कॅलेंडर काढा. 2023 साली अधिक श्रावण आला होता, त्यामुळे पुढचे सण लांबले आणि धनत्रयोदशी 10 नोव्हेंबरला पडली. 2024 ला ती 29 ऑक्टोबरलाच आली. म्हणजे एका वर्षी दिवाळीची खरेदी बरीचशी नोव्हेंबरात मोजली गेली आणि दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात. दसरा दोन्ही वर्षी ऑक्टोबरातच होता, त्यामुळे त्याचा घोळ नाही. दिवाळीने मात्र महिनाच बदलला.

दोन्ही महिने एकत्र केले तर 2023 चे 102 लाख आणि 2024 चे 106 लाख. वाढ 4 टक्के. ज्या मीटिंगमध्ये 45 टक्क्यांचा मथळा लागला असता, तिथे पुढच्या वर्षीचं टार्गेट त्याच हिशोबाने ठरलं असतं. महिन्याभराने नोव्हेंबरचा चार्ट आला असता, 62 वरून 48, आणि त्याच लोकांनी ‘अचानक काय झालं’ म्हणून डोकं धरलं असतं. झालेलं काहीच नव्हतं. हा खेळ उलटाही होतो: 2026 ला अधिक ज्येष्ठ आहे, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे, आणि 2025 ला ते 21 ऑक्टोबरला होतं. 2026 चा ऑक्टोबर आदल्या वर्षाच्या मानाने पडलेला दिसेल.

तेव्हा मथळा असा होतो: ‘दिवाळीच्या दोन महिन्यांत विक्री गेल्या वर्षापेक्षा 4 टक्क्यांनी वाढली, ऑक्टोबरची उडी सण लवकर आल्याने’. मथळा बदलला तसा चार्टही बदलावा लागतो. फक्त ऑक्टोबरचे दोन खांब ठेवून हे वाक्य वर लावता येणार नाही. दोन वर्षांचे दोन खांब घ्यायचे आणि प्रत्येकात ऑक्टोबर-नोव्हेंबर एकावर एक रचायचे, म्हणजे एकूण उंची जवळपास सारखी आणि आतली वाटणी वेगळी, हे डोळ्यांना दिसतं.

याच ठिकाणी आणखी एक शंका घ्यावी. वाढ रुपयांत आहे की नगांत? किमती वाढल्या असतील तर 4 टक्के वाढीत नग कमीही गेलेले असू शकतात. नगांचे आकडे हाताशी नसतील तर मथळ्यात ‘विक्री’ऐवजी ‘विक्रीची रक्कम’ लिहा, तेवढ्याने वाक्य खरं राहतं.

तिसरी पायरी: मथळा झाका आणि चित्र बघा

वरचं वाक्य हाताने झाकून चार्ट एखाद्या सहकाऱ्याला दाखवा आणि काय दिसतं ते विचारा. त्याच्या तोंडून तुमच्या मथळ्याच्या जवळपासचं काही निघालं तर ठीक. नाही निघालं तर दोन्हींपैकी एक बदलायचं. बहुतेक वेळा चार्ट बदलावा लागतो.

नेहमीची गफलत म्हणजे खांबांचा चार्ट शून्यापासून सुरू न करणं. 102 आणि 106 चे खांब 100 पासून सुरू केले तर दुसरा खांब पहिल्याच्या तिप्पट दिसतो. वर लिहिलंय 4 टक्के आणि खाली तिप्पट. लोक चित्रावर विश्वास ठेवतात.

दुसरी गफलत रंगांची. आता आपल्या उदाहरणात दुकानं वेगळी करून बघू. स्टेशन रोडचं दुकान दोन्ही वर्षी 50 लाखांवर आहे. बाजारपेठेतलं 34 वरून 30 वर आलं. एमआयडीसीजवळचं 18 वरून 26 वर गेलं. म्हणजे ती 4 लाखांची निव्वळ वाढ 8 अधिक आणि 4 उणे यातून आली आहे. मथळा: ‘वाढ फक्त एमआयडीसीच्या दुकानात, बाजारपेठेत 4 लाखांची घट’. यात ज्या दोन दुकानांचं नाव आहे त्यांनाच रंग द्या आणि स्टेशन रोड राखाडी ठेवा. तिन्ही दुकानांना तीन भडक रंग दिले तर वाचणारा मथळ्यातलं दुकान चित्रात शोधत बसतो.

चौथी पायरी: ‘मुळे’ या शब्दावर हात आखडता घ्या

आता मोह होतो: ‘एमआयडीसीच्या दुकानामुळे बाजारपेठेची विक्री घटली’. गिऱ्हाईक तिकडे वळलं असेलही. पण बाजारपेठेत रस्ता खोदलेला असू शकतो किंवा समोर नवीन शोरूम उघडलेलं असू शकतं. हा चार्ट फक्त एवढंच दाखवतो की एक वर गेलं आणि एक खाली आलं. कारण लिहायचं तर त्याचा पुरावा त्याच पानावर हवा, उदाहरणार्थ बिलांवरचे मोबाइल नंबर जुळवून बाजारपेठेचे किती जुने गिऱ्हाईक एमआयडीसीत आले हे मोजलेलं असावं. पहिल्या मथळ्यात मी सण लवकर आल्याचं कारण दिलं, कारण तारखा कॅलेंडरमध्ये आहेत आणि रक्कम एका महिन्यातून दुसऱ्यात सरकलेली चार्टमध्ये दिसते.

टक्क्यांचाही एक खड्डा आहे. एमआयडीसीच्या दुकानाचा एकूण विक्रीतला वाटा अंदाजे 18 टक्क्यांवरून 25 टक्क्यांवर गेला. याला ‘वाटा 7 टक्क्यांनी वाढला’ म्हटलं तर कोणीतरी 18 चे 7 टक्के काढतो. ‘18 वरून 25 टक्क्यांवर’ असं दोन्ही आकडे देऊन लिहिलं की वाद मिटतो.

पाचवी पायरी: जुना मथळा फेकू नका, खाली सरकवा

‘महिनानिहाय विक्री, लाख रुपये’ ही माहिती लागतेच, फक्त ती मुख्य ओळ नाही. मथळ्याखाली लहान, फिकट अक्षरात ती लिहा: ‘तिन्ही दुकानांची एकूण विक्री, ऑक्टोबर–नोव्हेंबर, लाख रुपये, जीएसटी वगळून, परत आलेला माल वजा करून’. शेवटच्या दोन गोष्टी क्षुल्लक वाटतात, पण अकाउंट्सचा आकडा आणि तुमचा आकडा जुळत नाही तेव्हा भांडण त्यावरूनच होतं.

दर महिन्याला तोच चार्ट जात असेल तर

आकडे बदलतात आणि मथळा गेल्या महिन्याचा राहतो, हा खरा धोका. एक्सेलमध्ये मथळा एखाद्या सेलला जोडता येतो: मथळ्यावर क्लिक करा, फॉर्म्युला बारमध्ये `=` टाइप करा, तो सेल निवडा आणि एंटर दाबा. मथळ्यात थेट फॉर्म्युला चालत नाही, तो सेलमध्येच लिहावा लागतो. B2 मध्ये गेल्या वर्षीची आणि C2 मध्ये यंदाची विक्री असेल तर:

```
="विक्री गेल्या वर्षापेक्षा "&TEXT(ABS(C2/B2-1)*100,"0")&" टक्क्यांनी "&IF(C2>=B2,"वाढली","घटली")
```

`IF` विसरलात तर घट झालेल्या महिन्यातही मथळा ‘वाढली’ म्हणत राहील. आणि फॉर्म्युल्याला दिवाळी कळत नाही, तो ऑक्टोबरला खुशाल 45 टक्के लिहील. म्हणून सणाच्या महिन्यांचा मथळा मी हातानेच लिहितो.

जिथे माणसं रोज येऊन आपापला आकडा शोधतात अशा डॅशबोर्डवर साधं ‘दुकाननिहाय विक्री’च बरं. तिथे कोणाला काय बघायचंय हे आपल्याला आधी माहीत नसतं.

राहिला शब्द निवडण्याचा प्रश्न. बाजारपेठेच्या मथळ्यात मी आधी ‘4 लाख गमावले’ असं लिहिलं होतं. ते वाक्य आकड्याला धरूनच होतं, पण त्या दुकानाचा मॅनेजर मीटिंगमध्ये समोर बसणार होता आणि ‘गमावले’ म्हटलं की दोष त्याचा ठरतो. रस्ता खोदलेला होता का, हे अजून कोणी विचारलेलं नव्हतं. म्हणून ‘4 लाखांची घट’.