पदवी-गुणपत्रिकेचं इंग्रजी भाषांतर: खरी अडचण 'श्रेणी'ची

परदेशातल्या प्रवेशासाठी आपल्या विद्यापीठाकडूनच इंग्रजी प्रत मिळत असेल तर तीच घ्या. मिळतच नसेल तर पुढचं वाचा. नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर असेल तेच ठेवा. 'वाणिज्य स्नातक' म्हणजे बॅचलर ऑफ कॉमर्स. तिथे डोकं लढवू नका.

गोची आहे ती श्रेणीत. आपण क्लासलाही श्रेणी म्हणतो आणि ग्रेडलाही. सुरुवातीला एका मुलीच्या गुणपत्रिकेवरच्या 'द्वितीय श्रेणी'चं मी 'सेकंड ग्रेड' करून टाकलं. तिकडच्या विद्यापीठाकडून विचारणा आली, ही ग्रेड कुठल्या पट्टीवरची? उत्तर पाठवेपर्यंत तिची मुदत हुकता हुकता राहिली. तेव्हापासून टक्क्यांवरून ठरलेली श्रेणी म्हणजे क्लास, आणि ओ, ए प्लस अशी अक्षरं असतील तरच ग्रेड.

"चारपैकी जीपीए काढून द्या," असं प्रत्येकजण सांगतो. मी देत नाही. रूपांतर तिकडची कचेरी करते. आपण तिला लागणारे आकडे द्यायचे. जर्मनीचंच बघा. तिथे सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करा, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांमधल्या फरकाने भागा, तिनाने गुणा, वर एक मिळवा. 1800 पैकी 1116 म्हणजे 62 टक्के. उत्तीर्णतेची मर्यादा 40 धरली तर 38 भागिले 60, गुणिले तीन, अधिक एक, उत्तर 2.9. तीच 50 धरली गेली तर 3.28. जर्मनीत आकडा जितका लहान तितका चांगला, म्हणजे फुकटचं नुकसान. आणि ही मर्यादा बहुधा गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली असते, जी लोक स्कॅनच करत नाहीत. मागची बाजू पूर्ण भाषांतरित करा, गुणांपुढच्या फुलीचा किंवा चांदणीचा खुलासाही. तो सवलतीच्या गुणांचा असेल तरी लपवू नका.

शिक्क्यांचं चित्र काढायचं नसतं. शिक्का जिथे आहे तिथेच चौकटी कंसात त्याचा आकार आणि आतला मजकूर लिहा. सही वाचता येत नसेल तर 'सही अवाचनीय' एवढंच, तेही इंग्रजीत. शिक्का अर्धवट उमटला असेल तर दिसतील तेवढीच अक्षरं द्या. उरलेली माहीत असली तरी भरू नका, कारण भाषांतर कागदाचं आहे, तुमच्या माहितीचं नाही. सहीखालच्या हुद्द्यांत मोठ्या चुका होतात: कुलगुरू म्हणजे व्हाइस-चान्सलर, चान्सलर म्हणजे कुलपती, आणि कुलसचिव म्हणजे रजिस्ट्रार. कुलगुरूंना चान्सलर केलेली भाषांतरं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, आणि दुरुस्तीचे पैसे मी नव्या भाषांतराएवढेच घेतो.

शपथबद्ध भाषांतरकार लागतो का, हे प्रवेशाच्या सूचनांत आधी बघा. लागत असेल तर वरचं सगळं त्याच्याकडून तपासून घ्या, विशेषतः मागची बाजू.