सिंहगडाच्या घाटात उठायचं कधी आणि बसायचं कधी

डोणज्याहून सिंहगडावर जाणाऱ्या घाटात रविवारी सकाळी उभं राहिलं की दोन प्रकारचे सायकलस्वार दिसतात. काही जण सुरुवातीपासून शेवटपर्यंत सीटला चिकटलेले असतात आणि तीव्र वळणावर हँडल ओढून ओढून घामाघूम होतात. बाकीचे पहिल्याच चढाला उठतात, दीडशे मीटर जोरात जातात आणि मग कठड्याला टेकतात. दुसऱ्या प्रकाराच्या मुळाशी बहुतेक वेळा एक गैरसमज असतो: उभं राहिलं की शरीराचं वजन आपोआप पेडल दाबतं, म्हणजे काम फुकटात होतं.

ते फुकट का नाही, हे पर्वतीच्या पायऱ्या आठवल्या की कळतं. पायरी चढताना आपण वजन वरच्या पायावर टाकतो, पण ते वजन वर उचलण्याचं काम मांडीलाच करावं लागतं. उभ्याने पेडल मारणं म्हणजे अशीच पायरी चढणं, फक्त ही पायरी पायाखाली सतत खचत असते. उजवं पेडल खाली गेलं की शरीरही थोडं खाली येतं. पुढच्या पेडलवर पुन्हा टाकण्यासाठी तेच वजन परत वर घ्यावं लागतं आणि ती ऊर्जा पायांतूनच येते. वजनामुळे ऊर्जा मिळत नाही. मिळतो तो दाब, तोही नेमक्या क्षणी. तो दाब कधी लागतो, एवढाच खरा प्रश्न आहे.

आकड्यांत पाहू. स्वार ७० किलोचा, सायकल १० किलोची, क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसतं तो दांडा, १७० मिलिमीटरची, पुढे ३४ दात्यांची चकती आणि मागे सर्वांत मोठी २८ ची. चढ ८ टक्के, म्हणजे १०० मीटर पुढे गेल्यावर ८ मीटर वर. ताशी ९ किलोमीटरने बसून जाताना सुमारे १७० वॅट लागतात, पाय मिनिटाला ५९ फेऱ्या मारतात आणि पेडलवरचा उपयोगी दाब सरासरी १७ किलोच्या आसपास येतो. हे काम बसून आरामात होतं. आता वळणावर चढ १२ टक्के झाला. त्याच १७० वॅटमध्ये वेग ताशी ६.३ किलोमीटरवर येतो, फेऱ्या ४१ वर घसरतात आणि दाब सरासरी २४ किलो होतो. पेडल आडवं असतानाच्या क्षणी तो याच्या दीडपट ते दुप्पट असतो, म्हणजे ४५ किलोच्या घरात.

इथे बसण्याची मर्यादा लागते. बसलेलं असताना पायाने पेडल जितकं खाली दाबावं तितकं शरीर सीटवरून वर ढकललं जातं. पेडलवर ४५ किलो गेले की सीटवर फार थोडं वजन उरतं आणि शरीर जागेवर धरून ठेवायला हात हँडल ओढू लागतात. ही खूण ओळखून ठेवा. चढावर आपोआप हँडल ओढलं जातंय, कंबर सीटवर दर फेरीला हलतेय आणि फेऱ्या ४५ च्या खाली गेल्या आहेत, तर आता उठण्याची वेळ झाली. तसंच बसून रेटत राहिलात तर दुसऱ्या दिवशी गुडघ्याची वाटी पुढच्या बाजूने दुखते आणि कंबर धरते.

स्नायूंचा हिशोबही यावरूनच कळतो. बसल्यावर कंबरेचं हाड सीटवर टेकलेलं असतं. पोट, पाठ आणि हात यांना फारसं काम नसतं. मांडीचा पुढचा भाग आणि नितंबाचे स्नायू मिळून जोर लावतात, मुख्यतः पेडल वरून निघून आडवं होईपर्यंत आणि त्यानंतर थोडंसं. उठल्यावर नितंब, मांडीचा पुढचा भाग आणि पोटरी जास्त वेळ कामाला राहतात, आणि सर्वांत मोठा दाब फेरीत उशिरा, पेडल आडव्याच्या खाली गेल्यावर येतो. त्यात दंड, पोट आणि पाठीच्या कण्याजवळचे स्नायूही उतरतात, कारण आता शरीराला टेकू देणारी सीट नाही. म्हणून त्याच वेगाला, मध्यम चढावर, उभ्याने हृदयाचे ठोके बहुधा मिनिटाला पाच ते दहा जास्त पडतात. चढ तीव्र असेल आणि जोर जवळपास कमाल असेल, तेव्हा मात्र हा फरक जवळजवळ पुसला जातो. उठणं तिथेच परवडतं.

वजनदार स्वाराला ही किंमत जास्त मोजावी लागते, कारण त्याला जास्त शरीर सांभाळायचं असतं. टूर द फ्रान्स जिंकलेल्या स्पॅनिश सायकलपटूंपैकी सुमारे ८० किलोचा इंदुराइन डोंगरात बहुतेक बसून चढायचा आणि त्याच्यापेक्षा बराच हलका काँतादोर वारंवार उभा दिसायचा, हा निव्वळ स्वभावाचा फरक नव्हता.

आता कृती. पहिल्यांदा सिंहगडावर करू नका. जुना कात्रज घाट सौम्य आहे, तिथे पहाटे रहदारी सुरू होण्याआधी सराव करा.

उठण्याआधी गिअर बघा. बसून ५५ ते ६५ फेऱ्या चालू असतील तर मागे एक पाऊल जड गिअर घ्या, म्हणजे २८ वरून २५. त्याच ९ किलोमीटर वेगाला फेऱ्या ५३ होतात, आणि उभ्याने हाच ताल बसतो. हलक्याच गिअरमध्ये उठलात तर पेडलवर वजन पूर्ण टेकण्याआधी पाय खाली पोचतो, शरीर घपाघप उसळतं आणि नुसताच दम लागतो. पण फेऱ्या आधीच ४५ च्या खाली असतील तर गिअर जड करू नका. त्याच गिअरमध्ये उठा.

उठण्याचा क्षण नेमका असतो. जोरकस पाय वरून निघून खाली जायला लागला की त्याच्यावर उभे राहा, आणि उठताना हातांनी सायकल किंचित पुढे ढकला. हे चुकलं, म्हणजे पेडल तळाशी असताना उठलात, तर क्षणभर दाब तुटतो आणि सायकल काही सेंटीमीटर मागे येते. तुमच्या मागे चिकटून येणाऱ्याचं पुढचं चाक तुमच्या मागच्या चाकाला लागतं ते इथेच. गटात चढताना उठण्याआधी तोंडाने सांगणं बरं.

उभं राहिल्यावर कंबर पेडलच्या वर ठेवा. सीटचं टोक मांडीच्या मागच्या बाजूला मधूनमधून घासलं पाहिजे. त्याहून पुढे गेलात तर सगळं वजन हातांवर येतं आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात. उजवा पाय दाबत असताना सायकल डावीकडे झुकू द्या आणि उजव्या हाताने हँडल वर ओढा, पुढच्या पायाला उलट. धड मात्र सरळ रेषेत राहू द्या. उलटं करणारे पुष्कळ असतात: सायकल ताठ आणि धड दोन्ही बाजूंना डोलणारं. मग प्रत्येक फेरीला अख्खं शरीर इकडून तिकडे न्यावं लागतं आणि त्या मेहनतीतलं फारच थोडं पेडलपर्यंत पोचतं. मोकळ्या रस्त्यावर पुढच्या चाकाची रेघ पाहा. ती नागमोडी जात असेल तर हँडल फिरतंय, सायकल झुकत नाही.

टाचा खूप खाली सोडू नका आणि पंजावर नाचूही नका. पेडल तळाला पोचल्यावर तिथे उभे राहणं ही सर्वांत महागडी चूक आहे, कारण तळाच्या पेडलवर टाकलेलं वजन चाक फिरवत नाही. तळाशी पोचण्याआधीच वजन दुसऱ्या पायाकडे निघालेलं असलं पाहिजे.

बसताना एक फेरी हलका दाब ठेवून मागे सरका, सायकल पुढे येऊ द्या, आणि बसल्यावरच गिअर हलका करा. पूर्ण वजन पेडलवर असताना गिअर बदलला तर साखळी कडाडते आणि कधी दात्यावरून उडते. तेव्हा उभा असलेला माणूस थेट हँडलच्या दांडीवर येतो.

सिंहगडावर हे कुठे वापरायचं? आपण डावीकडून चालतो, त्यामुळे डावीकडे वळणाऱ्या यू आकाराच्या वळणात आपली बाजू आतली, म्हणजे आखूड आणि सर्वांत तीव्र असते. उजव्या वळणात आपण बाहेरच्या, लांब आणि तुलनेने सोप्या बाजूला असतो. म्हणून डाव्या वळणात शिरण्याआधी उठा, ३० पेडल मोजा आणि बसा. ३० पेडल म्हणजे क्रँकच्या १५ फेऱ्या. ३४ आणि २८ च्या गिअरमध्ये सायकल तेवढ्यात ३८ मीटर जाते, म्हणजे साधारण एक वळण. आपल्या उदाहरणातल्या स्वाराने ही ३० पेडलं २२० वॅटने मारली तर १२ टक्क्यांवर तो ताशी ८ किलोमीटर ठेवतो आणि फेऱ्या ५२ राहतात. पुढच्या १७-१८ सेकंदांत वळण संपतं. उजव्या वळणात बसून श्वास भरायचा. वरून येणाऱ्या गाड्या वळण कापतात, तेव्हा बाहेरची बाजू मिळते म्हणून रस्त्याच्या मध्यात सरकू नका.

लांब सरळ चढावर गरज नसतानाही दर पाच-सात मिनिटांनी २० पेडलं उभ्याने मारायला हरकत नाही. कंबर आणि बूड मोकळं होतं. त्यात वेग वाढवायचा नाही, आधीचाच ठेवायचा. एरवी बसूनच.

पावसाळ्यात हिशोब बदलतो. घाटात वाहून आलेला चिखल आणि शेवाळ असतं. उठलं की वजन पुढे जातं आणि मागच्या चाकाची पकड कमी होते. चाक एकदम भर्रकन फिरलं, पण सायकल पुढे सरकली नाही, की समजा वजन जास्तच पुढे गेलं आहे. अशा जागी बसून राहा, सीटच्या टोकाकडे सरका, कोपरं वाकवून छाती हँडलकडे आणा. त्याने दोन्ही चाकांवर वजन राहतं, आणि तीव्र चढावर पुढचं चाक उचललंही जात नाही. तेवढ्यासाठी मागे २८ ऐवजी ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बसवून घेतलेली बरी. आपल्या ७० किलोच्या स्वाराला १२ टक्क्यांवर त्याच १७० वॅटमध्ये मागची ३४ ची चकती ५० फेऱ्या देते, आणि उठण्याची वेळच येत नाही. मात्र गिअर बदलणारा मागचा डिरेलर तेवढी मोठी चकती पेलतो का, हे दुकानात आधी विचारा. सगळे पेलत नाहीत.