ओव्हरड्राफ्टचं तिमाही व्याज आणि वापरलेली लिमिट: ताळेबंदात या चुका टाळा

सांगलीतल्या एका हार्डवेअर दुकानाचा 2024-25 चा ताळेबंद माझ्याकडे आला, तेव्हा मालमत्तेच्या बाजूला 'बँक खाती' या ओळीत उणे सहा लाखांचा आकडा होता. मालक म्हणाले, "सर, चालू खात्यात तर तीन लाख शिल्लक आहेत, मग उणे कसं?" उत्तर सोपं होतं. चालू खात्यात 3,00,000 होते आणि ओव्हरड्राफ्टमधून 9,00,000 उचललेले होते. दोन्ही खाती एकाच गटात बसवल्यामुळे सॉफ्टवेअरने वजाबाकी करून निव्वळ आकडा दाखवला. त्यामुळे नऊ लाखांचं कर्ज ताळेबंदात कुठेच दिसत नव्हतं.

टॅलीत नवं खातं उघडताना हात आपोआप `Bank Accounts` वर जातो, कारण ओव्हरड्राफ्टलाही पासबुक आणि चेकबुक असतं. पण तो गट मालमत्तेचा आहे. ओव्हरड्राफ्ट आणि कॅश क्रेडिट यांची जागा `Bank OD A/c` मध्ये आहे, आणि हा गट `Loans (Liability)` खाली येतो. दुरुस्ती म्हणजे खात्याच्या `Under` मध्ये गट बदलायचा, एवढंच. फक्त गट बदलला की मागच्या वर्षांचे आकडेही नव्या जागी दिसू लागतात. म्हणून सही झालेल्या जुन्या ताळेबंदाची प्रत हाताशी ठेवूनच हा बदल करा, नाहीतर मागच्या वर्षाचा तौलनिक रकाना जुळणार नाही.

यातच आणखी एक गोंधळ होतो. या दुकानाची लिमिट 15,00,000 आहे, आणि काही जण ती मंजूर झाल्याच्या दिवशीच पंधरा लाख कर्ज जमा आणि पंधरा लाख बँक नावे अशी नोंद टाकून मोकळे होतात. लिमिट म्हणजे फक्त परवानगी असते. वापरले नऊ लाख, तर देणंही नऊ लाखांचंच. उरलेले सहा लाख ना देणं, ना मालमत्ता. फार तर टिपणीत मंजूर लिमिट लिहावी. वापरलेली रक्कम बँक कधीही परत मागू शकते, म्हणून ती दीर्घ मुदतीच्या कर्जात न घालता अल्प मुदतीच्या कर्जात दाखवायची.

आता व्याज. रिझर्व्ह बँकेच्या सूचनेनुसार एप्रिल 2002 पासून बँका शेतीकर्जासारखे अपवाद सोडून कर्जावर दरमहा व्याज लावतात. त्यामुळे तिमाही आकारणी गृहीत धरू नका, आधी मंजुरीपत्र वाचा. या दुकानाच्या ओव्हरड्राफ्टवर 11 टक्के दराने तिमाही व्याज लागतं. जानेवारी ते मार्चमध्ये उचल अशी होती: पहिले 20 दिवस 8,00,000, पुढचे 39 दिवस 12,00,000 आणि मार्चचे 31 दिवस 9,00,000.

मालकांनी अंदाजाने नऊ लाखांवर 11 टक्के काढून चारने भागलं होतं, म्हणजे 24,750. बँकेने मात्र 27,334 लावले होते, आणि त्यांना वाटलं की बँकेने जास्त पैसे घेतले. बँकेचा आकडा बरोबर होता. व्याज अखेरच्या शिलकेवर लागत नाही, रोजच्या उचलीवर लागतं. प्रत्येक टप्प्याची रक्कम गुणिले दिवस करून बेरीज घेतली की 9,07,00,000 होतात. त्याला 11 टक्क्यांनी गुणून 365 ने भागलं की 27,334 रुपये येतात. एक्सेलच्या B रकान्यात रकमा आणि C मध्ये दिवस टाकले की एका ओळीचं काम आहे:

```
=SUMPRODUCT(B2:B4,C2:C4)*11%/365
```

इथे रक्कम बँकेच्या उताऱ्यातली घ्यायची, आपल्या वहीतली नाही. आपण 28 तारखेला दिलेला चेक 3 तारखेला वटला, तर मधल्या दिवसांचं व्याज लागत नाही. आणि दर मध्येच बदलला असेल, तर त्या तारखेपासून वेगळा हिशोब करावा लागतो.

सर्वात महागाची चूक मात्र यापुढे होती. बँकेने 31 मार्चच्या रात्री व्याज नावे टाकलं. दुकानातल्या मुलाने त्याच दिवशी संध्याकाळी उतारा काढला होता. त्यात व्याजाची ओळ नव्हती, म्हणून त्याने 9,00,000 वर वर्ष बंद केलं आणि एप्रिलचा उतारा बघून व्याज 1 एप्रिलला लिहिलं. त्यामुळे नफा 27,334 ने जास्त दिसला आणि कर्ज तेवढ्याने कमी. मार्चअखेरचा उतारा निदान दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढायचा आणि नोंद 31 मार्चलाच टाकायची: व्याज खर्च नावे, ओव्हरड्राफ्ट जमा. देणं 9,27,334. एकदा बँकेने व्याज नावे टाकलं की ते मुद्दलातच मिसळतं आणि पुढच्या तिमाहीत त्यावरही व्याज चढतं; त्यामुळे त्याला 'देय व्याज' म्हणून वेगळं दाखवायचं कारण नाही.

वेगळं कधी दाखवायचं? तिमाही मार्चला संपत नसेल तेव्हा. समजा बँक एप्रिलअखेर व्याज लावते. मग फेब्रुवारी आणि मार्च या दोन महिन्यांचं व्याज आपल्यावर चढलेलं असतं, पण बँकेने ते लावलेलं नसतं. तेवढी रक्कम काढून खर्च नावे टाकायची आणि 'उपार्जित पण देय न झालेलं व्याज' या नावाने इतर चालू देण्यांत जमा करायची. एप्रिलमध्ये बँक तीन महिन्यांचं व्याज एकदम लावते, तेव्हा दोन महिन्यांचा भाग या उपार्जित खात्याला नावे टाकून ते मिटवायचं आणि एप्रिलचा भागच नव्या वर्षाच्या खर्चात घ्यायचा. हे विसरलं की तेच व्याज दोन वर्षांत दोनदा खर्ची पडतं.

दोनदा खर्च पडण्याची दुसरी वाट आणखी फसवी आहे, आणि ती मी वारंवार पाहिली आहे. डिसेंबर तिमाहीचं व्याज लागल्यावर मालकांनी तेवढी रक्कम चालू खात्यातून ओव्हरड्राफ्टमध्ये भरली. मुलाच्या मनात 'व्याज भरलं' असं होतं, म्हणून त्याने चालू खात्याच्या पेमेंट व्हाउचरमध्ये पुन्हा व्याज खर्च नावे टाकला. पण खर्च तर बँकेने लावला तेव्हाच झाला होता. हे भरणं म्हणजे एका बँक खात्यातून दुसऱ्यात पैसे नेणं आहे. त्याची `Contra` नोंद होते, ओव्हरड्राफ्ट नावे आणि चालू खातं जमा. हे ओळखायला बँकेकडून वर्षाचं व्याज प्रमाणपत्र घ्या आणि व्याज खात्याच्या बेरजेशी ताडून बघा. फरक नेमका एखाद्या तिमाहीच्या व्याजाएवढा आला, तर तीच नोंद शोधायची. उलट ओव्हरड्राफ्टची शिलक वहीत बँकेपेक्षा बरोबर तेवढ्याच रकमेने जास्त दिसेल, कारण भरणा तिथे नोंदलाच गेला नाही.

मार्चअखेर मोठी वसुली येऊन ओव्हरड्राफ्टमध्येच दोन लाख शिल्लक पडले, तर मात्र त्या एका ताळेबंदापुरतं ते खातं बँक शिलकेत दाखवायचं. कर्जाच्या बाजूला उणे दोन लाख ठेवले तर बाकीचं कर्ज तेवढं कमी दिसतं.