निरोप समारंभात कोपरखळी मारण्याआधी स्वतःवर हसताय? या चुका टाळा

कार्यालयातल्या निरोप समारंभात शाल-श्रीफळ होतं, दोन लांबलचक भाषणं होतात आणि मग 'थोडं हलकंफुलकं' बोलायला कुणातरी हजरजबाबी माणसाला उभं करतात. हॉल तोवर आखडलेला असतो. साहेब पुढच्या रांगेत, सत्कारमूर्तींचं कुटुंब शेजारी, त्यामुळे हसावं की नाही हेच कुणाला कळत नसतं. आता हा कुणाची टोपी उडवणार, अशी धास्तीही असते. म्हणून जाणकार वक्ता पहिली टोपी स्वतःची उडवतो. इथे हसायला परवानगी आहे आणि बोलणारा स्वतःला शहाणा समजत नाही, या दोन्ही गोष्टी लोकांना एका वाक्यात कळतात.

युक्ती जुनीच आहे, पण ती फसते बऱ्याचदा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे स्वतःवरचा विनोद एका गावचा आणि दुसऱ्यावरचा भलत्याच गावचा. वक्ता आधी स्वतःच्या टकलावर बोलतो, लोक हसतात, आणि लगेच तो सत्कारमूर्तींच्या कंजूषपणावर घसरतो. टकलावरचं हसू तिकडे उपयोगी पडत नाही, कारण पैशाच्या बाबतीत वक्त्याने स्वतःचं काहीच पणाला लावलेलं नसतं. म्हणून आधी चिमटा काय काढायचा ते ठरवा आणि त्याच विषयातली स्वतःची फजिती शोधा.

समजा, लेखा विभागातले भाऊसाहेब निवृत्त होताहेत. बिलात खोट काढून ते परत पाठवणं ही त्यांची ख्याती. वक्त्याने थेट 'भाऊसाहेबांनी आयुष्यात कुणाचं बिल सुखाने काढलं नाही' म्हटलं, तर ती तक्रार झाली. त्याऐवजी तो अशी सुरुवात करतो: "माझ्या प्रवासभत्त्याच्या बिलात मी जाताना अमरावतीला गेलो होतो आणि येताना अकोल्याहून परत आलो होतो. मधलं अंतर कसं कापलं, ते मलाही सांगता येईना." हशा होतो. तो ओसरू द्यायचा आणि मग: "भाऊसाहेबांनी बिल परत पाठवलं. वर शेरा, 'मधला प्रवास पायी केला असल्यास तसे नमूद करून फेरसादर करावे.'"

यात गाढव ठरतो तो वक्ता. भाऊसाहेबांचा काटेकोरपणा, ज्याचा त्यांना मनातून अभिमानच आहे, तो तसाच उभा राहतो. त्यांच्या बायकोलाही हसता येतं, कारण घरचा किराणा हिशोब याच पद्धतीने तपासला जात असणार.

दुसरी चूक खऱ्या दुखण्यावर बोट ठेवण्याची. रखडलेली बढती, मोडलेलं लग्न, कर्ज असे विषय काढले की लोक हसण्याऐवजी सांत्वन करायला लागतात. ओळखायची खूण सोपी आहे: हशाऐवजी 'अहो, असं नका म्हणू' असा सूर आला की समजा, विनोद दयेच्या खात्यात जमा झाला. त्यानंतर दुसऱ्याला मारलेला टोमणा जळफळाट वाटतो. फजिती अशी निवडा, की ती सांगताना तुम्हालाच मजा येते.

याच्या उलट टोक म्हणजे नम्रतेच्या वेष्टनातली बढाई. 'माझा दोष एकच, मला अर्धवट काम जमत नाही' यावर लोक ओठ न उघडता हसतात. त्यात स्वतःची टोपी उडालेलीच नसते.

प्रमाणही चुकतं. स्वतःवर एक, फार तर दोन विनोद पुरे. पाच मिनिटं स्वतःलाच झोडपत राहिलात तर समारंभ तुमचाच होतो आणि सत्कारमूर्ती ताटकळत बसतात. (हीदेखील आत्मप्रौढीच, फक्त उलटी नेसलेली.)

स्वतःवरचा विनोद पडला तर? बहुतेक जण घाबरून थेट राखून ठेवलेल्या कोपरखळीवर उडी मारतात. नेमकं तेच करू नका. हॉल सैल झालेला नाही, त्यामुळे तीच ओळ आता बोचरी लागेल. पडलेला विनोद समजावूनही सांगू नका. सरळ सत्कारमूर्तींची एखादी चांगली आठवण सांगा. त्यातून हसू फुटलं तर कोपरखळी पुढे येऊ द्या, नाहीतर खिशातच ठेवा.

एका ठिकाणी मात्र ही युक्ती मुळातच लंगडी पडते: वक्ता साहेब असेल आणि टोपी शिपायाची किंवा नव्या मुलीची उडवायची असेल तेव्हा. साहेब स्वतःवर कितीही हसले तरी हिशोब फिटत नाही, कारण समोरच्याला उलट उत्तर देता येत नाही. हॉल हसेल, पण तो साहेबांकडे बघून. अशा वेळी साहेबांनी स्वतःची फजिती सांगावी, त्यातून कुणी सोडवलं त्याचं नाव घ्यावं आणि माईक पुढच्याकडे द्यावा.