क्रुसाची वाट करताना या चुका टाळा

प्रायश्चित्तकाळाचे शुक्रवार आले की नागपुरात सदरच्या कॅथेड्रलपासून मोहल्ल्यातल्या लहान चर्चपर्यंत सगळीकडे संध्याकाळी क्रुसाची वाट असते. येशूच्या दुःखसहनाचे प्रसंग दाखवणाऱ्या, भिंतीवरच्या चौदा स्थानांसमोर आपण क्रमाने उभे राहतो, पुस्तिका वाचतो, गुडघे टेकतो आणि पुढे जातो. एवढं करूनही बरेच जण घरी आल्यावर सांगतात, "सगळं झालं, पण मन काही लागलं नाही." याची कारणं बहुतेक वेळा साधी असतात आणि दुरुस्तही करता येतात.

वाचन संपलं म्हणजे स्थान संपलं, असं समजणं

सगळ्यात मोठी चूक हीच. पुढारी स्थानाचं नाव पुकारतो. आपण एक गुडघा टेकून म्हणतो, "हे ख्रिस्ता, आम्ही तुझी आराधना करतो आणि तुला धन्यवाद देतो, कारण तू आपल्या पवित्र क्रुसाने जगाचं तारण केलंस." मग चिंतनाचा उतारा, "हे आमच्या स्वर्गातील बापा", "नमो मरिया", गीताचं एक कडवं आणि लगेच पुढचं स्थान. हे सगळं तोंडाने होतं. चिंतनासाठी जी जागा लागते, ती उतारा आणि प्रार्थना यांच्या मधली, आणि तीच आपण खाऊन टाकतो. वीस मिनिटांत चौदा स्थानं आटोपली, तर एका स्थानाला दीड मिनिटही मिळत नाही आणि ते सगळं वाचण्यातच जातं. उतारा निम्मा करा आणि त्यानंतर अर्धा-पाऊण मिनिट कुणीच काही बोलू नका. पुढाऱ्याने मनात दहा संथ श्वास मोजले तरी पुरे. पहिल्या दोन-तीन स्थानांना लोक चुळबुळतात, खोकतात. तेवढं होऊ द्यावं, पाचव्या स्थानापर्यंत सगळे स्थिरावतात.

एकट्याने करत असाल तर चौदाही स्थानांवर सारखाच वेळ द्यायची गरज नाही. जिथे मन अडकतं तिथे थांबा. इतर ठिकाणी नाव, गुडघा आणि एक ओळ पुरे.

येशूची कीव करून थांबणं

आठव्या स्थानावर यरुशलेमच्या बाया रडत आहेत आणि येशू त्यांना म्हणतो, माझ्यासाठी रडू नका, स्वतःसाठी आणि आपल्या लेकरांसाठी रडा. लूकच्या तेविसाव्या अध्यायात हे आहे. आपली बरीच चिंतनं मात्र त्याच्या जखमा, काटे, रक्त यांच्या वर्णनात अडकतात. डोळे भरून येतात आणि आपल्याला वाटतं, प्रार्थना झाली. ते रडणं खोटं नसतं, पण येशूने तिथेच त्याला पुढची दिशा दिली आहे. कुठे चुकतंय हे ओळखायची सोपी खूण अशी: स्थान सोडताना तुमच्या मनात स्वतःबद्दल किंवा ओळखीच्या एखाद्या माणसाबद्दल एकही वाक्य नसेल, तर तुम्ही चित्र पाहिलंत, प्रार्थना राहून गेली.

पाचवं स्थान घेऊन हे नीट पाहू. मार्क पंधराव्या अध्यायात एकाच वचनात सांगतो की कुरेनेकर शिमोन रानातून येत होता आणि शिपायांनी त्याला क्रूस वाहायला वेठीस धरलं. तो आलेक्सांद्र आणि रूफ यांचा बाप होता, हेही मार्क लिहितो. पुस्तिकांमध्ये शिमोन बहुतेक वेळा दयाळू मदतनीस असतो. मार्कचा शिमोन स्वखुशीने आलेला नाही. तो आपल्या कामाने चालला होता आणि गर्दीतून त्यालाच ओढलं गेलं.

आता समजा, तुमच्या घरातली एक सून या स्थानासमोर उभी आहे. सासूबाई मेडिकलमध्ये भरती आहेत. जावेने अंग काढून घेतलं, नवऱ्याची नाईट ड्युटी, म्हणून रात्री वॉर्डात बसायची पाळी रोज हिच्यावरच येते. 'शिमोनासारखी आनंदाने सेवा करीन' असं ती म्हणाली तर ते खोटं ठरेल, आणि तिला ते कळतंही. ती आधी वचन एकदा वाचते. मग गप्प राहून स्वतःला विचारते, माझ्यावर काय लादलं गेलंय? उत्तर लगेच मिळतं. मग ती तसंच सांगते: "प्रभू, मला हे नको होतं. जावेचा राग येतो. तरी आज रात्री मी जाणार आहे, तू माझ्यासोबत चल." एवढंच. शेवटी ती एकच ठरवते: आज वॉर्डात गेल्यावर आधी आईंचे केस विंचरीन, गाऱ्हाणं नंतर. वचन, प्रश्न, खरं उत्तर आणि त्या दिवसापुरतं एक लहान काम, हाच क्रम कोणत्याही स्थानावर चालतो.

तीन वेळा पडणं एकसारखं वाचणं

तिसरं, सातवं आणि नववं ही स्थानं सगळ्यात कंटाळवाणी होतात, कारण तिन्ही ठिकाणी आपण तेच बोलतो. त्यांची जागा पाहा. पहिल्यांदा तो पडतो ते क्रूस खांद्यावर घेतल्यावर लगेच. दुसऱ्यांदा पडतो ते शिमोनाचा हात लागल्यावर, वेरोनिकेने तोंड पुसल्यावर, म्हणजे मदत मिळाल्यानंतरही. पापस्वीकार करून आल्यावर आठवड्याभरात तेच पाप पुन्हा झालं, त्या माणसाने सातव्या स्थानावर थांबावं. तिसरं पडणं गुलगुथा समोर दिसत असताना आहे. तिथे थकलेल्यांसाठी प्रार्थना करावी, सोडून द्यायच्या बेतात आलेल्यांसाठी.

"हे बायबलमध्ये कुठे आहे?" या प्रश्नावर चिडणं

नागपुरात अनेक घरांत अर्धे कॅथलिक आणि अर्धे प्रोटेस्टंट असतात. प्रोटेस्टंट मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये इथे आले, तेव्हापासूनची ती परंपरा आहे. मामा-आत्या हा प्रश्न विचारणारच. प्रामाणिक उत्तर असं की तिन्ही पडणं, वाटेतली आईची भेट आणि वेरोनिका शुभवर्तमानांत नाहीत, ती भक्तांच्या परंपरेतून आली. चौदा हा आकडा पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये कायम केला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९१ च्या शुभ शुक्रवारी रोममध्ये पूर्ण शास्त्राधारित चौदा स्थानं घेतली. त्यांत गेथशेमाने बाग आहे, पेत्राचा नकार आहे, उजवीकडचा चोर आहे. पाहुण्यांसोबत प्रार्थना करायची असेल तर ती घ्या, वाद उरत नाही.

उन्हात सगळ्यांना चालवणं

शुभ शुक्रवारी बाहेर, टेकडीवर वाट करायची असेल तर सकाळी लवकर करा. एप्रिलच्या नागपुरात नऊनंतर म्हाताऱ्यांना आणि लहानग्यांना ते सोसत नाही. या भक्तीशी जोडलेल्या पूर्ण दंडमुक्तीसाठी एका स्थानाहून दुसऱ्याकडे जावं लागतं हे खरं, पण गर्दीत सगळ्यांना चालणं जमत नसेल तर निदान पुढाऱ्याने चालावं, बाकीच्यांनी जागेवर राहिलं तरी चालतं. गुडघे दुखणाऱ्या आजीला बाकावरून उठवू नका. जो चर्चपर्यंत येऊच शकत नाही, त्याने घरी थोडा वेळ, निदान पाव तास, प्रभूच्या दुःखसहनाचं वाचन आणि चिंतन करावं. पापस्वीकार, कम्युनियन आणि पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना या नेहमीच्या अटी त्यालाही आहेतच, म्हणून फादरांना आधी कळवून त्यांना घरी बोलवा.