इंटिरिअरचं कोटेशन पाठवताना या चुका टाळा

घरमालकाला कोटेशन मिळालं की तो सगळ्यात आधी शेवटच्या पानावरचा आकडा बघतो. मग तो मागे येतो आणि एकेक ओळ वाचायला लागतो, आणि बहुतेक वेळा वॉर्डरोबच्या ओळीवर अडकतो. म्हणून इथे त्याच ओळीचं उदाहरण घेऊ. बेडरूममधलं साधं उघडझाप दारांचं वॉर्डरोब, रुंदी ६ फूट ९ इंच, उंची ७ फूट, खोली २ फूट, वर २ फुटांचा लॉफ्ट. दर समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या गावात वेगळे असतील.

अनेक कोटेशनमध्ये ही ओळ अशी असते: "वॉर्डरोब, १ नग, रु. ९०,०००". यातून घरमालकाला काहीच पडताळता येत नाही. पुढे साइटवर कॉलम आडवा आला आणि रुंदी अर्धा फूट कमी झाली, तर किती पैसे कमी करायचे यावर वाद होणार, कारण दरच कुठे लिहिलेला नाही.

नुसता स्क्वेअर फुटाचा दर लिहूनही भागत नाही. मोजायचं कसं, तेही त्याच ओळीत हवं. समोरच्या बाजूचं मोजमाप घेतलं तर हे वॉर्डरोब ४७.२५ स्क्वेअर फूट भरतं. दर १,४५० असेल तर रक्कम ६८,५१२.५० रुपये. दुसरा ठेकेदार ४५० रुपये दर सांगतो आणि घरमालकाला तो फारच स्वस्त वाटतो. पण तो प्रत्येक फळी मोजणार असतो: दारं ४७.२५, पाठ ४७.२५, दोन बाजू २८, वर-खाली २७, मधलं पार्टिशन १४. झाले १६३.५ स्क्वेअर फूट, म्हणजे ७३,५७५ रुपये, आणि आतले कप्पे अजून धरलेलेच नाहीत. दोन्ही पद्धती प्रामाणिक असू शकतात. न सांगता वापरली तर मात्र दुसरी पद्धत बिलाच्या दिवशी फसवणूक वाटते. "मोजमाप समोरच्या बाजूचं, रुंदी × उंची; खोली २ फुटांपर्यंत दरात धरलेली; ४ कप्पे आणि २ ड्रॉवर समाविष्ट" एवढं लिहिलं की घरमालक टेप घेऊन स्वतः मोजू शकतो. लॉफ्टची ओळ वेगळी काढा, कारण त्याला ड्रॉवर नसतात आणि दर कमी असतो. इथे १३.५ स्क्वेअर फूट, ९०० दराने १२,१५० रुपये.

आता एक चूक, जी कोटेशन कितीही नीटनेटकं दिसलं तरी आत लपलेली असते. एक्सेलमध्ये ६ फूट ९ इंच हे `6.9` असं टाकलं जातं. पण ९ इंच म्हणजे पाऊण फूट, म्हणून खरा आकडा 6.75. या एका चुकीने वॉर्डरोब ४८.३ स्क्वेअर फूट होतं आणि घरमालकाच्या माथी १,५२२.५० रुपये जास्त बसतात. दहा इंचाला हीच चूक उलटी फिरते. ६ फूट १० इंच म्हणून `6.10` टाकलं की एक्सेल ते 6.1 धरतं. उंची ७ फूटच ठेवली तर खरं माप ४७.८३ असताना कागदावर ४२.७ येतं आणि ठेकेदाराचे जवळपास ७,४४३ रुपये बुडतात. घरभर अशा पंधरा-वीस ओळी असतात, त्यामुळे चूक कुठल्या दिशेने गेली हे एकूण आकड्यावरून कळतही नाही. ओळखायची खूण सोपी आहे: मापाच्या रकान्यात .1 किंवा .11 अशी मापं दिसली, किंवा दशांशानंतरचा भाग .25, .5, .75, .33 अशांपैकी क्वचितच आला, तर इंचच दशांश समजून टाकलेत असं धरून तपासा. उपाय म्हणजे फूट आणि इंच यांचे रकाने वेगळे ठेवा:

```
=(B5+C5/12)*(D5+E5/12)
```

B आणि C मध्ये रुंदीचे फूट व इंच, D आणि E मध्ये उंचीचे. छापील पानावरही माप ६'-९" असंच दिसू द्या, कारण घरमालकाच्या हातातल्या टेपवर तेच दिसतं.

मटेरियलच्या वर्णनात "उत्तम प्रतीचा प्लाय" हे शब्द निरुपयोगी आहेत. ग्रेड, जाडी आणि कंपनी लिहा. ओट्याखाली, सिंकपाशी आयएस ७१० चा मरीन प्लाय धरला असेल आणि बेडरूमच्या वॉर्डरोबला एमआर ग्रेड, तर दोन्ही जागी स्वतंत्र लिहा. बेडरूमला एमआर वापरणं यात लपवण्यासारखं काही नाही, तिथे पाणी लागत नाही. दारं आणि खोका १८ मिमी, पाठ ६ मिमी, बाहेरून १ मिमी लॅमिनेट. आतून काय लावणार हे बरेच जण विसरतात, आणि घरमालकाने तर आतही तसंच लॅमिनेट गृहीत धरलेलं असतं. "अथवा समकक्ष" हे दोन शब्द टाळाच. टाकायचेच असतील तर "घरमालकाच्या लेखी संमतीने" हे जोडा. बिजागऱ्या आणि चॅनेल सॉफ्ट क्लोज आहेत की साधे, हँडल दरात आहेत की नाहीत, हेही त्याच ओळीखाली यावं.

बेरजेत एक किरकोळ वाटणारा घोळ असतो. रकान्यात दशांश न दाखवण्याचं फॉरमॅट असलं की एक्सेल पैसे लपवून पूर्ण रुपये दाखवतं, बेरीज मात्र लपलेल्या पैशांसकट करतं. तीन ओळींत प्रत्येकी ४० पैसे लपले असतील तर एकूण आकडा दिसणाऱ्या ओळींच्या बेरजेपेक्षा एक रुपयाने जास्त येतो. रुपया महत्त्वाचा नाही. पण कॅल्क्युलेटर घेऊन बसलेल्या माणसाचा त्यानंतर बाकीच्या आकड्यांवर विश्वास राहत नाही. प्रत्येक ओळीच्या रकमेलाच `ROUND` लावा.

जीएसटी वेगळ्या ओळीत दाखवा. वॉर्डरोब आणि लॉफ्ट मिळून ८०,६६२.५० रुपये झाले, त्यावर १८ टक्क्यांनी १४,५१९.२५, एकूण ९५,१८१.७५. "जीएसटी वेगळा" असं तळाला बारीक अक्षरात लिहिलं की घरमालकाच्या डोक्यात ऐंशी हजारच बसतात. आणि नोंदणी नसेल तर जीएसटी लावताच येत नाही, हे घरमालकानेही लक्षात ठेवावं: नंबर नसलेल्या कोटेशनवर कराची ओळ दिसली तर विचारायला हवं.

पीडीएफ करताना सगळ्यात जास्त बिघडतो तो शेवटचा रकाना. रकमेचा रकाना दुसऱ्याच पानावर जातो आणि मोबाइलवर वाचणाऱ्याला फक्त वर्णनं दिसतात. प्रिंटच्या सेटिंगमध्ये `Fit All Columns on One Page` निवडा आणि `Print Titles` मधून शीर्षकाची ओळ प्रत्येक पानावर येईल असं करा. रकाने इतके वाढले की अक्षर बारीक झालं, तर पान आडवं करा. पाठवण्याआधी फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा. ₹ च्या जागी चौकोन दिसला किंवा मराठी जोडाक्षरं फुटली, तर फाँट फाइलमध्ये बसलेला नाही.

सोबतचं पत्र अर्ध्या पानाचं पुरे. साइट कोणत्या तारखेला मोजली, दर किती दिवस लागू राहतील, पैसे कोणत्या टप्प्याला किती, आणि काय धरलेलं नाही. यातलं शेवटचं नीट लिहा: वायरिंग, प्लंबिंग, डेब्री उचलणं, सोसायटीचं डिपॉझिट. टप्पे कामाशी बांधा, तारखांशी नको. "खोके उभे राहिल्यावर ३० टक्के" हे दोघांनाही डोळ्यांनी दिसतं, "महिनाअखेरीस ३० टक्के" याने काम थांबलेलं असतानाही पैसे मागायची वेळ येते. टप्प्यांची बेरीज शंभर होते का, तेही एकदा पाहा.

घरमालकाने बदल सांगितला की जुन्याच फाइलमध्ये आकडे बदलून पुन्हा पाठवू नका. कोटेशनला नंबर द्या आणि प्रत्येक बदलाला आर१, आर२ असं पुढे जा, तारीख प्रत्येक पानाच्या तळाशी येऊ द्या. नव्या प्रतीच्या पत्रात एका ओळीत सांगा की काय बदललं: "आर२: वॉर्डरोबला आरसा वाढवला, लॉफ्टचा दर तोच." ज्या प्रतीवर घरमालकाची सही होईल तीच मिस्त्रीच्या हातात द्या, म्हणजे साइटवर आर१ पाहून कुणी आरशाविना दार बनवणार नाही.