मांजराला लस दिल्यावर घरी काय पाहावं, आणि दवाखान्यात परत कधी जावं

रेबीजची लस घेऊन आलेलं मांजर संध्याकाळी पडवीच्या कोपऱ्यात गप्प बसतं, बांगड्याच्या वासानेही उठत नाही, आणि घरात चर्चा सुरू होते: लस बाधली की काय? बहुतेक वेळा बाधलेली नसते. लक्षण लस दिल्यावर किती वेळाने दिसलं आणि किती वेळ टिकलं, यावरून बरंच कळतं. म्हणून लस दिल्याची वेळ लिहून ठेवा.

१. लस सकाळीच घ्या

आपल्याकडे वाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात जायचं तर रिक्षा मिळण्यापासून तयारी, आणि रात्री डॉक्टर सापडणं कठीण. गंभीर प्रतिक्रिया आली तर बहुधा काही मिनिटांत किंवा पुढच्या काही तासांत येते. सकाळी लस घेतली की हे तास दवाखाना उघडा असताना जातात. निघताना डॉक्टरांचा फोन नंबर घ्या आणि कोणती लस कुठे टोचली ते कार्डावर लिहून घ्या. रेबीजची लस मागच्या उजव्या पायात, जमेल तितकी खाली द्यावी असा संकेत आहे. मानगुटीत टोचणार असतील तर पायात द्याल का, असं विचारायला हरकत नाही. कारण पुढे येईलच.

२. अर्धा तास दवाखान्याजवळच थांबा

टोपली सावलीत ठेवा आणि मांजराकडे बघत राहा. लगोलग, वारंवार उलट्या, जुलाब, तोंड किंवा पापण्या सुजणं, अंगभर खाज, पांढरट हिरड्या, धाप, अंग टाकणं यांतलं काहीही दिसलं तर आत जा. ही तीव्र ॲलर्जी असू शकते आणि तिच्यावरची इंजेक्शनं डॉक्टरांकडेच असतात. मांजरात ती बहुतेकदा उलटी आणि श्वासाच्या त्रासाने दिसते, चेहरा सुजलाच पाहिजे असं नाही. घरी पोचल्यावर असं झालं तरी वाट न बघता परत फिरा आणि निघताना फोन करा. मे महिन्यातल्या प्रवासाने मांजर क्षणभर तोंड उघडून धापा टाकू शकतं, पण गारव्यात शांत बसल्यावरही तोंड उघडंच राहिलं तर उकाड्याला दोष देत बसू नका.

३. पहिले दोन दिवस

समजा, देवगडजवळच्या एका वाडीतल्या मनीला सकाळी दहाला रेबीजची लस दिली. दुपारभर ती झोपली. संध्याकाळी अंग थोडं गरम लागलं, पायाला हात लावला तर गुरगुरली, भात-मासे हुंगून सोडले, पाणी मात्र प्यायली. हाक मारली की कान फिरवत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी थोडं खाल्लं, दुपारी कौलांवर. ही सौम्य प्रतिक्रिया. लसीमुळे प्रतिकारशक्ती कामाला लागते, त्यातून कणकण आणि सुस्ती येते, आणि ती साधारण एक-दोन दिवसांत ओसरते.

त्या रात्री मांजर घरातच ठेवा. पेंगुळलेल्या मांजराला मागीलदारी कुत्र्यापासून पळता येत नाही. टोचलेली जागा चोळू नका. आणि घरातली तापाची गोळी अजिबात देऊ नका: पॅरासिटामॉल मांजराला विषासारखं आहे, अर्ध्या गोळीनेही जीव जाऊ शकतो.

सुस्ती दोन दिवसांनंतरही टिकली, किंवा मोठ्या मांजराने चोवीस तास काहीच खाल्लं नाही, तर दवाखाना गाठा. लठ्ठ मांजर उपाशी राहिलं तर यकृत बिघडतं, त्यामुळे तिथे ढिलाई नको. छोट्या पिल्लाने दोन जेवणं चुकवली की फोन करा. पाणीही सोडलं तर कोणत्याच वयात थांबू नका.

४. गाठ राहिली तर

टोचलेल्या जागी कधी कधी छोटी, कडक गाठ येते. दुखत नाही, काही आठवड्यांत जिरते. ती गरम, लाल, दुखरी झाली किंवा पू आला तर लगेच दाखवा.

उरली ती खरी काळजीची गाठ. क्वचितच, साधारण दहा हजारांत एखाद्या मांजराला किंवा त्याहूनही कमी, टोचलेल्या जागी कर्करोग होतो, तोही महिन्यांनी किंवा वर्षांनी. यासाठी डॉक्टर तीन-दोन-एक असा नियम वापरतात: गाठ तीन महिन्यांनंतरही आहे, दोन सेंटिमीटरहून मोठी आहे, किंवा लसीनंतर एक महिना होऊनही वाढतेच आहे. तिन्हींपैकी एक जरी खरं असलं तरी तुकडा काढून तपासावा लागतो. लस पायात देण्याचं कारण हेच: गरज पडली तर पाय काढून जीव वाचवता येतो, मानगुटीतून असं सगळं काढणं फार अवघड.

मनीच्या गाठीचं मोजमाप असं ठेवा: लसीची तारीख कॅलेंडरवर, मग दर रविवारी बोटांनी चाचपून रुपयाच्या नाण्याशी तुलना. नाणं सुमारे दोन सेंटिमीटरचं असतं.

५. पुढच्या लसीआधी

झालेला त्रास, वेळेसकट, डॉक्टरांना सांगा. नुसती सुस्ती आली होती म्हणून रेबीजची लस टाळू नका. रेबीज झालेलं मांजर वाचत नाही आणि ते घरच्यांनाही चावू शकतं. तीव्र ॲलर्जी झाली असेल तर मात्र पुढची लस द्यायची की नाही, कोणती, आणि ट्रायकॅटची, म्हणजे मांजरांच्या इतर तीन आजारांवरची एकत्र लस त्याच दिवशी द्यायची की वेगळ्या, हे डॉक्टरांनीच ठरवायचं. लसीच्या डबीवरचं लेबल कार्डावर चिकटवलेलं असेल तर तो निर्णय त्यांना सोपा जातो.